स्पॅनिश रेसिपी आपल्या ओट्यावर: एका दह्याच्या केकवरून सगळं समजून घेऊ

स्पॅनिश रेसिपी वाचायला स्पॅनिश यावं लागत नाही, पण कुठल्या शब्दापाशी थांबायचं हे मात्र कळावं लागतं. मला ते कळत नव्हतं तेव्हा मी एक अख्खा केक विटेसारखा करून ठेवला होता, त्याची गोष्ट पुढे येईलच. शंभर शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच रेसिपी ओळीओळीने सोडवू म्हणजे बाकीच्या आपोआप सुटायला लागतील. त्यासाठी मी घेतलाय स्पेनमधला अगदी घरगुती केक, बिस्कोचो दे योगुर, म्हणजे दह्याचा साधा केक. तिकडे लहान मुलांनाही हा पहिला शिकवतात कारण त्याला वजनकाटा लागत नाही. आणि गंमत म्हणजे भाषांतराच्या जवळजवळ सगळ्या खोड्या या एवढ्याशा रेसिपीत भरलेल्या आहेत.

रेसिपी साधारण अशी दिसते:

```
Bizcocho de yogur (molde de 22 cm)
1 yogur natural (125 g)
1 medida de aceite de girasol
2 medidas de azúcar
3 medidas de harina de trigo
3 huevos L
1 sobre de levadura química (16 g)
Ralladura de 1 limón
1 pizca de sal

Precalentamos el horno a 180 °C, calor arriba y abajo.
Batimos los huevos con el azúcar hasta que blanqueen.
Añadimos el yogur, el aceite y la ralladura.
Incorporamos la harina tamizada con la levadura,
con movimientos envolventes.
Vertemos en el molde engrasado y enharinado.
Horneamos 35-40 min. Pinchamos con un palillo.
```

आधी बघा रेसिपी कुठली आहे

स्पॅनिश वीसेक देशांत बोलतात आणि स्वयंपाकघरातले शब्द देशागणिक फिरतात. स्पेनमध्ये मान्तेका म्हणजे डुकराची चरबी आणि मान्तेकिया म्हणजे लोणी किंवा बटर, पण अर्जेंटिनाची रेसिपी असेल तर तिथे मान्तेका हेच बटर. शाकाहारी घरात हा फरक फारच महत्त्वाचा आहे, म्हणून मी हे सगळ्यात आधी बघते. तसंच तोर्तिया म्हटलं की स्पेनमध्ये अंड्याचं जाड ऑम्लेट आणि मेक्सिकोत मक्याची किंवा गव्हाची पोळी. आणि डेझर्टमध्ये कोला दे पेस्कादो दिसलं तर ते जिलेटिनचं जुनं नाव, शब्दशः माशाचा डिंक, तेही शाकाहारी नाहीच.

ओळखायचं कसं? बेकिंग पावडरला काय म्हटलंय ते बघा. लेवादुरा किमिका किंवा इम्पुल्सोर असेल तर बहुतेक स्पेन, पोल्वो दे ओर्नेआर असेल तर लॅटिन अमेरिका. आपली रेसिपी स्पेनची आहे.

आकड्यांचंही इथेच सांगून टाकते. स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब लावायची पद्धत आहे, म्हणजे 1,5 l म्हणजे दीड लिटर आणि 1.500 g म्हणजे दीड किलो. दीड ग्रॅम मीठ समजून कोणी दीड किलो घालणार नाही म्हणा, पण 0,5 आणि 05 च्या गोंधळात मी एकदा अडकलेय.

मेदिदा म्हणजे कुठलं माप

वर दह्याच्या ओळीपुढे १२५ ग्रॅम लिहिलंय आणि बाकी सगळीकडे नुसतं मेदिदा, म्हणजे माप. हे माप म्हणजे तो रिकामा झालेला दह्याचा कपच. स्पेनमध्ये दह्याचे छोटे कप ठरलेले १२५ ग्रॅमचे येतात, दही भांड्यात ओतायचं, मग त्याच कपाने तेल, साखर, मैदा मोजायचं. आपल्याकडे वाटीने मोजतात त्याच धाटणीचं आहे, फक्त वाटी ठरलेली आहे.

आता आपल्याकडे ती वाटी कशी करायची? कपात साधारण १२५ मिली मावतं असं धरा. तुमच्याकडचे मेजरिंग कप २५० मिलीचे असतील तर काम एकदम सोपं: दही अर्धा कप, तेल अर्धा कप, साखर एक कप, मैदा दीड कप. कप २४० मिलीचे असतील, बऱ्याच सेटवर तसं कोरलेलं असतं, तर तेलाला अर्धा कप आणि एक टीस्पून, साखरेला एक कप आणि दोन टीस्पून, मैद्याला दीड कप आणि एक टेबलस्पून. एवढा फरक केकला कळत नाही खरंतर, पण मला हिशोब जुळलेला आवडतो.

मेजरिंग कप नसेल आणि वजनकाटा असेल तर घरातली वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिली. माझ्याकडची आमटीची वाटी १५० निघाली आणि लोणच्याची छोटी वाटी ८०. मग वाटतं की मोठ्या वाटीने केलं तर काय बिघडलं, प्रमाण तर तेच राहतंय, पण अंडी त्या प्रमाणात वाढत नाहीत ना. १५० ची वाटी घेतली की बाकी सगळं वीस टक्क्यांनी वाढतं आणि अंडी तीनच राहतात, केक बसका आणि कोरडा होतो. म्हणून वाटी बदलली तर अंड्यांचाही विचार करा.

बाकी रेसिप्यांमध्ये चमच्यांची लघुरूपं दिसतील, ती एकदा बघून ठेवा:

```
cda. / cucharada sopera = 15 ml
cucharada de postre = 10 ml
cdta. / cucharadita = 5 ml
rasa = सपाट भरलेला
colmada = शिगोशीग भरलेला
c/s = लागेल तेवढं
```

पिस्का म्हणजे चिमूट, पुन्यादो म्हणजे मूठ आणि उन देदो दे आसेइते म्हणजे भांड्यात एक बोट तेल. यांना काही कन्व्हर्ट करायला लागत नाही, आपल्याकडेही आजी असंच सांगायची.

लेवादुरा: इथे माझा केक गेला

डिक्शनरीत लेवादुरा शोधलं की पहिला अर्थ यीस्ट मिळतो. मी पहिल्यांदा हा केक केला तेव्हा एक सोब्रे लेवादुरा म्हणजे यीस्टचं एक पाकीट असंच धरलं आणि ड्राय यीस्ट घालून मिश्रण सरळ ओव्हनमध्ये ढकललं. चाळीस मिनिटांनी जे बाहेर आलं ते बोटभर उंचीचं, वरून तडकलेलं, आतून चिकट, आणि वासाला बिअरसारखं. यीस्टला फुगायला वेळ लागतो, इथे तो दिलाच नव्हता आणि ओव्हनच्या उष्णतेने यीस्ट काही मिनिटांत मरून गेलं.

स्पेनमध्ये घरगुती बोलण्यात बेकिंग पावडरलाही लेवादुराच म्हणतात. लेवादुरा किमिका असं पूर्ण लिहिलं असेल तर प्रश्नच नाही, ती बेकिंग पावडर. लेवादुरा रॉयल लिहिलं असेल तर तीही बेकिंग पावडर, तो तिथला घराघरातला ब्रँड आहे. लेवादुरा दे पानादेरो किंवा लेवादुरा फ्रेस्का म्हणजे पावाचं यीस्ट. आणि नुसतं लेवादुरा लिहिलं असेल तर खालची कृती वाचा: पीठ झाकून तासभर ठेवा, दुप्पट होऊ द्या असं कुठे आलं, म्हणजे रेपोसार, लेवार किंवा दोब्लार सू वोलुमेन यापैकी काही दिसलं, तर ते यीस्ट. मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये जात असेल तर बेकिंग पावडर. ही एक खूण मला अजून तरी कधी चुकीची निघालेली नाही.

पावाच्या रेसिपीत फ्रेश यीस्टचे ग्रॅम दिले असतील तर आपल्याकडच्या ड्राय यीस्टसाठी त्याला तीनने भागा, २५ ग्रॅमचा क्यूब म्हणजे साधारण ८ ग्रॅम ड्राय. जुन्या रेसिप्यांत सोब्रेस दे गासेओसा हा प्रकार भेटतो, दोन वेगळ्या पुड्या जोडीने घालायच्या, एकीत खायचा सोडा आणि दुसरीत आंबट पावडर. त्याऐवजीही बेकिंग पावडर चालते.

आता प्रमाण. त्यांचं एक सोब्रे १६ ग्रॅमचं असतं, म्हणजे आपले सपाट चार टीस्पून. एवढ्या मैद्याला ते मला जास्तच वाटतं, जिभेवर खारट कडवट चव राहते आणि केक भसकन फुगून मधोमध खाली बसतो. मी अडीच टीस्पून घालते, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास, आणि कधी कमी पडलं नाही. डबा किती जुना आहे ते मात्र बघा, चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकली की लगेच खळखळून फेस यायला हवा, नुसती ढवळल्यासारखी झाली तर डबा फेकून द्या.

मैदा, साखर, दही, तेल, लिंबू

आरिना दे त्रिगो म्हणजे शब्दशः गव्हाचं पीठ (स्पॅनिशमध्ये h चा उच्चार नसतो म्हणून आरिना), पण म्हणून कणीक घेऊ नका. तिकडे नुसतं आरिना दे त्रिगो म्हणजे पांढरं पीठ, आपला मैदा. कणकेच्या जवळ जाणारं ते आरिना इंतेग्राल. आरिना दे फुएर्सा दिसलं तर ते जास्त ग्लूटेनचं पावाचं पीठ, केकला नको. माइसेना म्हणजे आपण कॉर्नफ्लोर म्हणतो ती पांढरी पावडर, आणि आरिना दे माइस हे मक्याचं पिवळं पीठ, ही दोन एकमेकांच्या जागी घालू नका.

दीड कप मैदा कप पिठात खुपसून भरला की सहज २२० ग्रॅम होतो आणि चमच्याने हलका भरून वर सुरी फिरवली की २०० च्या खाली राहतो. मी २०० धरते.

साखरेत एक बारीक अडचण आहे. आपली साखर तिकडच्या साखरेपेक्षा जाड दाण्याची असते, अंड्यात फेटताना ती विरघळतच नाही, तळाशी कचकचत राहते आणि केकवर नंतर तपकिरी ठिपके दिसतात. म्हणून मिक्सरमधून दोन वेळा फिरवून घ्या, अगदी पिठीसाखर नको, बारीक रव्यासारखी झाली की बास. पण मोजायचं आधी आणि दळायचं नंतर! दळलेल्या साखरेत हवा भरते, त्यामुळे दळून मग एक कप भरला तर साखर कमी पडते. वजनाने साधारण २१० ग्रॅम. गोड जास्त वाटत असेल तर १८० पर्यंत आरामात उतरता येतं, त्याखाली गेलात की केक कोरडा लागायला लागतो कारण साखर ओलावाही धरून ठेवते.

योगुर नातुराल म्हणजे साधं, बिनसाखरेचं दही. तिकडचं कपातलं दही घट्ट लागलेलं असतं, आपलं घरचं दही चमचा घातला की पाणी सोडतं. अर्धा कपापेक्षा थोडं जास्त दही चाळणीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाणी निथळलं की मग मोजा. आंबट असलं तर हरकत नाही, फार आंबट मात्र नको.

आसेइते दे खिरासोल म्हणजे सूर्यफुलाचं तेल, ते आपल्याकडे मिळतंच. शेंगदाण्याचं तेल घालू नका, केकला फोडणीचा वास येतो. लिमोन म्हणजे त्यांचं पिवळं मोठं लिंबू, जाड सालीचं. राय्यादुरा म्हणजे त्या सालीचा वरचा रंगीत भाग किसून. आपलं लिंबू लहान आणि पातळ सालीचं, म्हणून एकाच्या जागी दोन घ्या आणि किसणीवर अगदी हलक्या हाताने फिरवा, पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा.

अंडी

ऊएवोस L मधला L हा अंड्याचा आकार आहे, युरोपात तो ठरलेला असतो: L म्हणजे कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅम, M म्हणजे ५३ ते ६३. आपल्याकडची नेहमीची अंडी बहुतेक वेळा पन्नास-पंचावन्नच्या घरात असतात. म्हणजे त्यांची तीन आणि आपली चार हिशोबाने जवळपास सारखीच. मी चार घेते. तीनच घेतली तर मिश्रण घट्ट होतं, मग दोन-तीन टेबलस्पून दूध घाला, केक होतो पण थोडा कमी हलका. फ्रिजमधली थंड अंडी नीट फेटली जात नाहीत म्हणून तासभर आधी बाहेर काढा.

अंड्याशिवाय करता येईल का असं कोणीतरी विचारणारच. या रेसिपीत नाही, इथे अंडीच केक उभा धरतात. त्याला वेगळी रेसिपी घ्यावी.

क्रियापदं

कृती वाचताना लक्षात येईल की वर जवळजवळ प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी अमोस, एमोस किंवा इमोस आहे: बातिमोस, आन्यादिमोस, ओर्नेआमोस. आपण लिहितो ना "आता आपण तेल घालू", तसंच आहे ते. दुसऱ्या रेसिपीत तेच क्रियापद बातीर किंवा से बाते असं येईल. डिक्शनरीत शोधताना मागचं शेपूट काढून अर, एर, ईर लावून बघा, लगेच सापडतं.

बातीर म्हणजे फेटणे. ब्लांकेआर इथे पांढरं करणे: अंडी आणि साखर इतकी फेटायची की पिवळा रंग जाऊन फिकट सायीसारखा होतो आणि फेटणी उचलली की मिश्रण रिबिनीसारखं पडून क्षणभर वर दिसत राहतं. हँड मिक्सरने पाचेक मिनिटं, हाताने बारा-पंधरा आणि खांदा दुखतो. पण हाच ब्लांकेआर भाजीच्या रेसिपीत आला तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढणे. मोन्तार म्हणजे एरवी चढणे, पण मोन्तार लास क्लारास आ पुन्तो दे निएवे म्हणजे अंड्याचं पांढरं घट्ट बर्फासारखं फेटणे, त्यात कुणी कुठे चढत नाही.

नाता पारा मोन्तार, म्हणजे फेटायची क्रीम, दिसली तर सावध व्हा. तिच्यात ३५ टक्के फॅट असतं आणि आपल्या टेट्रापॅकच्या फ्रेश क्रीममध्ये २५ च्या आसपास, ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही. तिथे व्हिपिंग क्रीम असंच लिहिलेली क्रीम आणा.

तामिसादा म्हणजे चाळलेला. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र दोनदा चाळा. मोविमिएन्तोस एन्वोल्वेन्तेस हा शब्द लांबलचक आहे पण कृती सोपी: चमचा मधोमध खाली घालायचा, तळातून वर आणायचा, भांडं थोडं फिरवायचं, परत तेच. गोल गोल ढवळायचं नाही. मैदा तीन भागांत घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, गुठळी राहिलीय असं वाटून अजून घोटलं की केक रबरासारखा चिवट होतो आणि कापल्यावर आत उभी लांब भोकं दिसतात. रेसेर्वार आलं तर बाजूला ठेवा, एवढंच.

टिन आणि ओव्हन

एन्ग्रासादो म्हणजे तेल-तूप लावलेला आणि एनारिनादो म्हणजे वरून पीठ भुरभुरवलेला टिन. २२ सेंटीमीटरचा टिन सगळ्यांकडे नसतो. २० चा असेल तर सगळं मिश्रण बसतं पण थर जाड होतो, दहा मिनिटं जास्त धरा. १८ चा असेल तर सगळं दोन तृतीयांश करा. कसं काढलं? गोल टिनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, १८ गुणिले १८ म्हणजे ३२४, २२ गुणिले २२ म्हणजे ४८४, भागलं की ०.६७ येतं. म्हणजे साखर १४० ग्रॅम, मैदा १३५, तेल आणि दही प्रत्येकी एक तृतीयांश कप, बेकिंग पावडर दीड टीस्पूनपेक्षा जरा जास्त, आणि आपली अंडी तीन, जराशी लहान बघून. टिन कुठलाही असो, दोन तृतीयांशपेक्षा वर भरू नका.

कालोर आरीबा इ आबाखो म्हणजे वरची आणि खालची दोन्ही उष्णता. ओटीजीवर दोन्ही रॉड चालू, पंखा बंद, १८० डिग्री, आणि टिन मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत. पंखा असेल, आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तो असतोच, तर १६० ते १६५ वर ठेवा. स्पॅनिशमध्ये पंख्याला आइरे किंवा वेन्तिलादोर म्हणतात, तो शब्द रेसिपीत आधीच असेल तर दिलेलं तापमान तसंच घ्या, परत कमी करू नका. जुन्या वहीत ओर्नो सुआवे, मेदिओ आणि फुएर्ते असतं, ते अनुक्रमे १५०, १८० आणि २०० च्या वर असं धरून चालायचं.

छोट्या ओटीजीत वरचा रॉड केकच्या फार जवळ येतो. पंचविसाव्या मिनिटाला वरून गडद दिसायला लागला तर फॉइल अलगद टाकून ठेवा, आणि त्याआधी दार उघडू नका, मधला भाग अजून ओला असतो, तो बसतो.

पिन्चामोस कोन उन पालियो म्हणजे टूथपिक टोचून बघा, आणि बहुतेक रेसिपीत पुढे साले लिंपियो असतं, स्वच्छ बाहेर आली की झालं. पस्तिसाव्या मिनिटाला टोचा. ओलं मिश्रण चिकटलं तर पाच मिनिटं अजून, दोन-तीन सुके कण चिकटले तर बंद करा. बोटाने वर हलकं दाबलं की खड्डा परत वर यायला हवा आणि कडा टिनपासून सुटायला लागलेल्या दिसायला हव्यात. पालियो स्वच्छ आहे पण मध्यभागी खड्डा पडलाय तर बेकिंग पावडर जास्त झाली किंवा दार लवकर उघडलं. केक घुमटासारखा वर येऊन तडकला तर ओव्हन जास्त गरम आहे, पुढच्या वेळी दहा डिग्री कमी.

काही रेसिपीत सगळ्यात शेवटी देस्मोल्दार आणि रेखिया हे दोन शब्द असतात. देस्मोल्दार म्हणजे टिनमधून काढणे आणि रेखिया म्हणजे जाळी. दहा मिनिटं टिनमध्ये राहू द्या, मग कडेने सुरी फिरवून उलटा करा आणि जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर मी ओव्हनचीच थंड झालेली रॅक दोन वाट्यांवर ठेवते, त्यातली एक ती ८० मिलीची लोणच्याची वाटी, नाहीतर ताटात ठेवलेल्या केकचं बूड घामाने ओलं होतं.